आठवणीतून आधी काय काढायचं?

दिवाळीला दोन आठवडे होते आणि पुस्तकं विकणाऱ्या एका संकेतस्थळाचं तांत्रिक काम आमच्या गटाकडे होतं. दिवाळी अंकांची मागणी जोरात होती. अशात ग्राहकांचे फोन येऊ लागले. पिशवीत चार अंक टाकले, पैसे भरायला गेलो आणि पिशवी रिकामी, अशी प्रत्येकाची तक्रार. काहींना पुन्हा पुन्हा लॉगिन करावं लागत होतं. डेटाबेस ठणठणीत होता, सर्व्हरवर ताण नव्हता आणि कुठेही एररची नोंद नव्हती. पिशव्या मात्र गायब होत होत्या.

कारण सापडलं ते रेडिसमध्ये. ते समजायला आधी रेडिस तिथे कशासाठी होतं हे बघू.

पुस्तकाचं एक पान दाखवायचं तर डेटाबेसला पुस्तक, लेखक, प्रकाशक, किंमत, साठा आणि वाचकांचे अभिप्राय अशा सहा-सात तक्त्यांमधून माहिती गोळा करावी लागते. एका पानासाठी ते काम फार नाही, पण गर्दीच्या वेळी सेकंदाला हजार पानं मागितली जात होती आणि आमचा डेटाबेस त्यातली साधारण दोनशेच पेलू शकत होता. शिवाय हजारातली बहुतेक मागणी त्याच त्या पुस्तकांची. मग एकदा गोळा केलेली माहिती जवळ ठेवून द्यायची, पुढच्याला तीच द्यायची. या जवळच्या साठ्याला कॅशे म्हणतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ असं दिसतं, तोच हा शब्द. रेडिस हा अशा कामासाठी फार वापरला जाणारा साठा. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने तो 2009 मध्ये लोकांपुढे आणला. माहिती डिस्कवर न शोधता थेट रॅममध्ये ठेवायची, प्रत्येक गोष्टीला एक नाव द्यायचं आणि त्या नावाने ती मागायची, एवढीच त्याची मूळ कल्पना. त्यामुळे उत्तर मिलिसेकंदाच्या आत येतं.

आज बहुतेक जण रेडिस स्वतः बसवत नाहीत, क्लाउड कंपनीकडून चालवायला घेतात. यंत्र बंद पडलं तर दुसरं उभं करणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या करणं हे सगळं ती कंपनी बघते. पण आत काय ठेवायचं, किती वेळ ठेवायचं आणि जागा संपली की काय फेकायचं, हे ठरवणं आपल्याकडेच राहतं. आमची चूक नेमकी तिथे होती.

आमची पद्धत ‘कॅशे-असाइड’ होती. यात रेडिस आणि डेटाबेस यांची एकमेकांशी ओळखच नसते. दोघांमध्ये ये-जा करतो तो आपला प्रोग्राम. तो आधी रेडिसला विचारतो. तिथे मिळालं नाही तर डेटाबेसकडून आणतो, ग्राहकाला देतो आणि जाता जाता एक प्रत रेडिसमध्ये ठेवतो. किंमत बदलली की आधी डेटाबेसमध्ये बदलतो, मग रेडिसमधली जुनी प्रत पुसतो. पुढच्या वाचकाला प्रत सापडत नाही, म्हणून ताजी आणली जाते. सगळा खेळ तीन आज्ञांचा:

```
GET pustak:4127
SET pustak:4127 "..." EX 86400
DEL pustak:4127
```

मधल्या ओळीतला `EX 86400` म्हणजे त्या प्रतीचं आयुष्य, 86,400 सेकंद, म्हणजे एक दिवस. ते संपलं की प्रत आपोआप जाते. आमच्या मूळ प्रोग्राममध्ये हा तुकडाच नव्हता. किंमत बदलली की आपण `DEL` करतोच, मग मुदत कशाला, असा लिहिणाऱ्याचा विचार होता आणि तो वरवर बरोबरही वाटतो.

त्याच रेडिसमध्ये ग्राहकांच्या पिशव्या आणि लॉगिनही ठेवले होते. त्यांना मात्र मुदत होती, कारण दोन दिवस न वापरलेली पिशवी कशाला सांभाळायची?

आता जागेचा हिशेब. रेडिसमध्ये आम्हाला वापरता येणारी जागा एक जीबी होती. एका पुस्तकाची प्रत सुमारे 20 केबी, म्हणजे पन्नासेक हजार प्रतींमध्ये जागा भरणार. यादीत पुस्तकं होती सत्तर हजार. एरवी लोक त्यातली काही हजारच बघत, त्यामुळे प्रश्न आला नव्हता. पण त्या आठवड्यात शोधयंत्राचा बॉट रात्री येऊन यादीतलं एकेक पान वाचत गेला. वीस वर्षं कुणी न विचारलेल्या पुस्तकांच्याही प्रती रेडिसमध्ये जाऊन बसल्या, आणि मुदत नसल्यामुळे बसल्याच.

जागा भरली की काय फेकायचं, हे `maxmemory-policy` या एका सेटिंगवर ठरतं. स्वतः बसवलेल्या रेडिसमध्ये ते मुळात `noeviction` असतं, म्हणजे काहीच फेकायचं नाही, नवं काही ठेवायला आलात तर नकार. चालवायला घेतलेल्या अनेक सेवांमध्ये ते `volatile-lru` असतं आणि आमचंही तेच होतं. त्याचा अर्थ असा, की ज्यांना मुदत आहे अशांमधूनच, बराच वेळ कुणी न विचारलेल्या गोष्टी फेकायच्या. आमच्याकडे मुदत कुणाला होती? फक्त पिशव्यांना आणि लॉगिनना. एखादं जुनं, धूळ खाणारं पुस्तक आत आलं की त्याच्यासाठी कुणाची तरी भरलेली पिशवी बाहेर जात होती. रेडिस आम्ही सांगितलेलंच करत होतं, म्हणून एरर नव्हती. `INFO stats` ही आज्ञा दिल्यावर `evicted_keys` हा आकडा झपाट्याने वाढताना दिसला, तेव्हा उलगडा झाला. पिशव्या संपल्या असत्या तर पुढची पायरी वेगळी दिसली असती. फेकण्याजोगं काही उरलं नाही की रेडिस `OOM command not allowed` म्हणत नवं ठेवायला नकार देतं. वाचणं चालू राहतं, `evicted_keys` थांबतो आणि जागा भरलेलीच राहते.

दुरुस्तीत सर्वात महत्त्वाचं ठरलं ते पिशव्या वेगळ्या काढणं. पुस्तकाची प्रत गेली तर डेटाबेसमधून पुन्हा आणता येते, पण पिशवी ही कशाचीच प्रत नव्हती, ती तिथे एकटीच होती. पुन्हा मिळवता न येणारी गोष्ट जागा संपली की फेकणाऱ्या साठ्यात ठेवायचीच नाही, हे मला तेव्हापासून पक्कं पटलं आहे. पिशव्या आणि लॉगिन आम्ही डेटाबेसमध्ये नेले. पुस्तकांच्या प्रतींना एक दिवसाची मुदत दिली आणि सेटिंग `allkeys-lru` केलं, म्हणजे मुदत असो-नसो, जे बराच वेळ कुणी विचारलं नाही ते आधी जाईल.

तरीही सकाळी नऊच्या सुमारास संकेतस्थळ अडखळायचं. एरवी हजारातल्या साडेनऊशे मागण्या रेडिसच भागवत असे, डेटाबेसकडे पन्नास जात. सकाळी मात्र चारशे जात होत्या, त्याच्या ताकदीच्या दुप्पट. कारण पुन्हा तोच बॉट. पहाटे तीनला त्याने सत्तर हजार पानं वाचली. `lru` फक्त शेवटचं कधी विचारलं एवढंच बघतं. संध्याकाळी हजार वेळा वाचलेला दिवाळी अंक पहाटे ‘जुना’ ठरला आणि बॉटने एकदाच चाळलेलं पुस्तक ‘ताजं’.

यावर उपाय `allkeys-lfu`, जो 2017 मध्ये रेडिसच्या चौथ्या आवृत्तीत आला. यात किती वेळा विचारलं याला महत्त्व असतं. पण ही मोजणी साधी नाही. प्रत्येक गोष्टीसाठी 255 पर्यंतच जाणारा एक छोटा आकडा असतो. नव्या गोष्टीची सुरुवात 5 पासून होते आणि पुढे तो अधिकाधिक सावकाश वाढतो. हजार वेळा वाचलेल्या अंकाचा आकडा अठराच्या आसपास असतो. कुणी विचारलं नाही तर तो घटतही जातो. मूळ सेटिंगमध्ये मिनिटाला एक या वेगाने.

इथे आम्ही पुन्हा फसता फसता वाचलो. मिनिटाला एक म्हणजे अठराचा आकडा अठरा मिनिटांच्या शांततेत शून्यावर. पहाटे तीनपर्यंत संध्याकाळच्या लोकप्रियतेचा मागमूस उरणार नाही आणि बॉटने नुकतं आणलेलं, पाच आकड्याचं पुस्तक अंकापेक्षा वरचढ ठरेल. नुसतं धोरण बदलून भागणार नव्हतं, विसरण्याचा वेगही कमी करायला हवा होता:

```
maxmemory-policy allkeys-lfu
lfu-decay-time 60
```

आता आकडा तासाला एकने घटतो. रात्री सातचा अठरा पहाटे तीनला दहा असतो, बॉटच्या पाचाहून जास्त. रेडिस सगळ्यांची तुलना करत बसत नाही, दर वेळी पाचेक गोष्टी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलतं आणि त्यातली सर्वात कमजोर फेकतं. म्हणून एखादा चांगला अंकही कधी जातो, पण सकाळची धाप थांबली.

कॅशे-असाइडमधली एक फट मात्र या कशानेही बुजत नाही. समजा, एका अंकाची किंमत 350 रुपये आहे. वाचकाला रेडिसमध्ये प्रत सापडली नाही, म्हणून प्रोग्रामने डेटाबेसमधून 350 वाचले. ते रेडिसमध्ये ठेवण्याआधीच संपादकाने किंमत 300 केली आणि प्रत पुसली, म्हणजे नसलेलीच प्रत पुसली. मग पहिल्याने हातातले 350 ठेवले. डेटाबेसमध्ये 300, रेडिसमध्ये 350, आणि पुसणारं आता कुणी येणार नाही. क्रम सगळ्यांनी पाळला तरी हे घडतं. एक दिवसाची मुदत असेल तर दिवसभर चुकीची किंमत दिसेल, मुदतच नसेल तर पुढच्या बदलापर्यंत.

फेसबुकने 2013 मध्ये आपल्या कॅशेविषयी जो शोधनिबंध मांडला, त्यात यावरची तोड आहे. त्यांचा साठा मेमकॅशे होता, पण फट हीच. प्रत सापडली नाही की साठा मागणाऱ्याला एक टोकन देतो आणि मध्येच कुणी पुसलं तर ते टोकन बाद होतं. बाद टोकनावर आणलेली जुनी माहिती ठेवून घेतली जात नाही. एका नावाचं टोकन दहा सेकंदांत एकालाच मिळत असल्यामुळे हजार जण एकदम डेटाबेसवर तुटून पडणंही थांबलं. त्यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात डेटाबेसवरचा सर्वोच्च भार सेकंदाला 17,000 प्रश्नांवरून 1,300 वर आला.

आमच्या आकाराच्या दुकानाला एवढी यंत्रणा नको होती. किंमत आणि साठा आम्ही पुस्तकाच्या मोठ्या प्रतीतून काढून वेगळ्या नावाने ठेवले आणि त्यांना मुदत दिली साठ सेकंदांची. लेखकाचा परिचय दिवसभर जुना राहिला तरी चालतो, किंमत चालत नाही. आणि ऑर्डर पक्की करताना प्रोग्राम रेडिसला विचारतच नाही, त्या क्षणी किंमत थेट डेटाबेसमधून वाचतो.