दरकरारातला खरा दर

सरकारी रुग्णालयात औषध मागवायचे असेल तर दरवेळी नवी निविदा काढत नाहीत. एकदाच निविदा काढून, औषधनिहाय सर्वांत कमी दर देणारा पुरवठादार ठरवून, त्याच्याशी वर्षा-दोन वर्षांसाठी दर ठरवून घेतात. याला दरकरार म्हणतात. करारात साधारणपणे किती माल घ्यायचा हे बांधून ठेवलेले नसते, फक्त किती दराने आणि कोणत्या अटींवर मिळेल ते ठरते. खरी खरेदी होते ती नंतर, पुरवठा आदेश निघाल्यावर. प्रत्येक आदेश त्या करारावर उभा असतो आणि करार चालू नसेल तर आदेशालाही आधार उरत नाही.

महाराष्ट्रात आरोग्य विभागासाठी अशी एकत्रित खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. पुढे २०२३ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले. दर वरच्या पातळीवर ठरतात, पण मागणीपत्र तयार होते खाली, जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात. तिथल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यापुढे मूळ करार असतो, त्याला जोडलेली शेकडो औषधांची दरसूची असते आणि नंतर येत गेलेली पत्रे असतात: शुद्धिपत्रक, मुदतवाढ, एखाद्या औषधाचा पुरवठा थांबवण्याची सूचना. यातली अनेक कागदपत्रे स्कॅन केलेली असतात. या ढिगातून ‘हे औषध, आज, कोणाकडून, किती दराने’ एवढेच उत्तर काढायचे असते, आणि चुका होतात त्या इथेच.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण अशा अटी प्रत्यक्ष करारांत असतात. एका रुग्णालयाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या एक लाख गोळ्या हव्या आहेत आणि मागणीपत्राची तारीख १० ऑक्टोबर २०२५ आहे. फाइलमध्ये दोन करार सापडतात. जुन्या करारात एका पुरवठादाराचा दर ‘४६.०० रुपये, १० × १० चा खोका, करासह’ असा आहे. नव्या करारात दुसऱ्याचा दर ‘४४०.०० रुपये, प्रति १००० गोळ्या, कर वगळून’ असा आहे. एकच औषध, पण दोन्ही दरांचे माप वेगळे आणि कराचा हिशेबही वेगळा.

म्हणून पहिले काम दोन्ही दर एका मापावर आणण्याचे. १० × १० म्हणजे दहा पट्ट्या, प्रत्येकीत दहा गोळ्या, एकूण शंभर. जुना दर शंभर गोळ्यांना ४६ रुपये. नवा दर हजाराला ४४० म्हणजे शंभराला ४४. इथेच थांबले तर नवा पुरवठादार दोन रुपयांनी स्वस्त वाटतो. पण ४६ मध्ये कर धरलेला आहे, ४४ मध्ये नाही.

कराची बाब २०२५ मध्ये आणखी नाजूक झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नव्या दरावर ५ टक्के कर धरला तर शंभर गोळ्या ४६ रुपये २० पैशांना पडतात. जुना दर ठरला तेव्हा त्यात १२ टक्के कर होता, म्हणून आधी मूळ किंमत काढावी लागते. ४६ ला १.१२ ने भागले की साधारण ४१ रुपये ७ पैसे येतात. त्यावर ५ टक्के कर चढवला की ४३ रुपये १३ पैसे होतात. म्हणजे आता जुना पुरवठादार स्वस्त ठरतो, शंभर गोळ्यांमागे तीन रुपयांहून अधिक फरकाने. अर्थात हा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा करारात ‘कर बदलल्यास बदललेला कर लागू होईल’ अशी अट आहे. दर ‘सर्व करांसह, अपरिवर्तनीय’ असेल तर तो असा परस्पर कमी धरून चालत नाही. त्यासाठी करार करणाऱ्या कार्यालयाचे लेखी स्पष्टीकरण हवे. म्हणूनच दर उतरवून घेताना करविषयक कलमही त्याच ओळीत यायला हवे. नुसता आकडा उतरवला तर तो अर्धाच राहतो.

मग आदेश जुन्या पुरवठादाराला द्यायचा का? त्याआधी मुदत बघावी लागते. जुन्या कराराची मुदत ३० जून २०२५ ला संपली होती. नंतर एका पत्राने ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. फाइल उघडणाऱ्याला ही तारीख ठळक दिसते आणि करार जिवंत आहे असे वाटते. पण त्याच पत्राच्या पुढच्या ओळीत लिहिलेले असते: ‘किंवा नवीन दरकरार अस्तित्वात येईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत.’ नवा करार १ ऑक्टोबरला अस्तित्वात आला. म्हणजे जुना ३० सप्टेंबरलाच संपला. १० ऑक्टोबरच्या मागणीपत्रासाठी योग्य पुरवठादार नवाच आहे, तो महाग असला तरी. योग्य पुरवठादार म्हणजे त्या दिवशी चालू असलेल्या करारात त्या औषधासाठी नाव असलेला पुरवठादार. फाइलमधल्या सर्वांत लहान आकड्यावरून तो ठरत नाही.

हे कळले नाही तर काय होते, ते भांडारात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. आदेश जुन्या पुरवठादाराकडे जातो. तो आठ-पंधरा दिवसांनी कळवतो की करार संपला, माल देता येणार नाही. किंवा माल देतो आणि देयक कोषागारात नाहीतर लेखापरीक्षणात अडकते. दोन्ही प्रकारांत हातात असलेला वेळ जातो आणि साठा शून्यावर आला की स्थानिक दुकानातून जास्त दराने औषध घ्यावे लागते.

तारखेबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सर्वसाधारण नियमानुसार मुदत पाहिली जाते ती पुरवठा आदेशाच्या तारखेशी. तोच आदेश २९ सप्टेंबरला जुन्या पुरवठादाराला गेला असता तर माल ऑक्टोबरमध्ये आला तरी आदेश वैध राहिला असता. त्यामुळे उताऱ्यात कराराची शेवटची तारीख आणि माल पोचवण्याचे दिवस हे दोन वेगळे रकाने हवेत. विलंबाचा दंडही याच दिवसांवरून मोजतात. अनेक करारांत तो आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त दहा टक्के असा असतो.

असा उतारा एका साध्या एक्सेल तक्त्यात करता येतो. एका ओळीत एक औषध आणि एक पुरवठादार. रकाने मोजकेच: औषधाचे नाव व मात्रा, करारातले माप जसेच्या तसे, त्यावरून काढलेला एका गोळीचा किंवा एका कुपीचा दर, कर आत की बाहेर, पुरवठादार, चालू झाल्याची तारीख, आज लागू असलेली शेवटची तारीख, पोचवण्याचे दिवस आणि हे सगळे कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावरून घेतले ते. चालू तारीख F रकान्यात आणि शेवटची G मध्ये असेल तर पुढचे सूत्र करार आज चालू आहे का ते सांगते.

```
=IF(AND(TODAY()>=F2,TODAY()<=G2),"चालू","चालू नाही")
```

या सूत्रात एक सापळा आहे. आपल्याकडे तारीख 30.09.2025 अशी ठिपके देऊन लिहायची सवय आहे. अनेक संगणकांवर एक्सेल तिला तारीख न मानता मजकूर मानते, आणि तुलनेत मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा धरते. मग शेवटच्या तारखेची अट रोज पूर्ण होते आणि सुरुवातीची तारीख नीट भरलेली असेल तर संपलेला करार कायम ‘चालू’ दिसत राहतो. कुठेही लाल रंग येत नाही, चूक दाखवली जात नाही. म्हणून शेजारच्या रकान्यात पुढची तपासणी ठेवावी. उत्तर FALSE आले की ती तारीख पुन्हा टाकावी.

```
=ISNUMBER(G2)
```

स्कॅन केलेल्या दरसूचीतून संगणकाने अक्षरे ओळखून आकडे उचलले तर वेगळी भीती असते. दशांशाचा ठिपका पुसट असला की ४.४० चे ४४० होते. ३ आणि ८, किंवा देवनागरीतले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. यावर उपाय दरसूचीतच असतो. बहुतेक सूचींत मूळ दर, कराची रक्कम आणि एकूण दर असे तीन आकडे असतात. उचललेल्या मूळ दरात कर मिळवून एकूण दर जुळतो का ते सूत्राने पाहिले की बहुतेक चुका पकडल्या जातात. दुसरी चाळणी मागच्या कराराची. एका गोळीचा दर मागच्यापेक्षा दुप्पट किंवा निम्मा दिसला तर बहुधा दर बदललेला नसतो, माप चुकलेले असते. अशा ओळी मूळ पान समोर ठेवून दुसऱ्या माणसाने वाचाव्यात.

तक्ता बरोबर झाला तरी तो बरोबर राहावा लागतो. ई-औषधीसारख्या प्रणालीतही कोणीतरी भरलेलाच दर दिसतो, त्यामुळे हा प्रश्न तिथेही सुटत नाही. नवे पत्र आले की जुनी ओळ पुसू नये. तिची शेवटची तारीख बदलावी, पत्राचा क्रमांक लिहावा आणि नवी ओळ जोडावी. आपल्या उदाहरणात १ ऑक्टोबरला नवा करार हाती आला, त्याच दिवशी जुन्या ओळीतली ३१ डिसेंबर ही तारीख ३० सप्टेंबर करायला हवी होती. जुनी ओळ राहिली की सहा महिन्यांनी लेखापरीक्षकाने विचारले तर आदेशाच्या दिवशी कोणता दर लागू होता हे दाखवता येते. मुदतवाढीच्या पत्रासोबत औषधांची यादी असेल तर तीही ताडून पाहावी. अनेकदा सगळ्या करारापैकी काही औषधांनाच मुदतवाढ मिळालेली असते.

मागणीपत्र लिहिणाऱ्यांना एकच विनंती. दर लिहिण्याआधी चार गोष्टी त्याच ओळीत आहेत का ते पाहा: माप, कर, आज लागू असलेली शेवटची तारीख आणि मूळ कागदाचे पान. यातली एक जरी रिकामी असेल तर तो आकडा मागणीपत्रावर उतरवू नका. आधी मूळ पत्र काढून वाचा आणि मगच सही करा.