शून्य भागिले शून्य आले की

अकरावीच्या गणितात सीमा शिकताना एक उदाहरण हमखास अडवते. x ही संख्या 1 च्या जवळ जाताना

(x³ − 3x + 2) / (x³ − x² − x + 1)

या अपूर्णांकाची किंमत कशाजवळ जाते? सरळ x = 1 ठेवले, तर वर शून्य आणि खालीही शून्य. पुष्कळ मुले इथे ‘सीमा नाही’ असे लिहून मोकळी होतात. खरे तर 0/0 हे उत्तरच नव्हे. बहुपदीत 1 ठेवल्यावर शून्य येत असेल, तर अवयव सिद्धांतानुसार (x − 1) हा तिचा अवयव असतो. इथे तो अंशातही आहे आणि छेदातही.

तो बाहेर काढू. अंशाला संश्लेषक भागाकाराने (x − 1) ने भागताना x² चे पद नसले, तरी त्याच्या जागी 0 मांडावाच लागतो. तो राहिला तरी इथे बाकी शून्यच येते आणि चूक तिथे कळत नाही. भागाकार x² + x − 2 येतो. छेदात पदे दोन-दोन घेतली की (x − 1)(x² − 1) मिळते. (x − 1) छाटून उरते

(x² + x − 2) / (x² − 1)

आणि 1 ठेवले तर पुन्हा 0/0! म्हणजे अवयव अजून दडलेला आहे. अंश (x − 1)(x + 2), छेद (x − 1)(x + 1). पुन्हा छाटल्यावर उरते (x + 2)/(x + 1). आता 1 ठेवता येतो आणि सीमा 3/2 येते.

पण शून्य होणारा अवयव छाटायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? 1734 मध्ये जॉर्ज बर्कली यांनी न्यूटनच्या कलनावर नेमका असाच आक्षेप घेतला होता: आधी राशी शून्य नाही म्हणून भागायचे आणि मग तीच शून्य धरायची, हे कसे? आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर सीमेच्या काटेकोर व्याख्येत आहे. सीमा काढताना x हा 1 च्या कितीही जवळ येतो, पण 1 होत नाही. त्यामुळे (x − 1) शून्य नसतो आणि छाटणे वैध ठरते. मूळ अपूर्णांकाला x = 1 पाशी किंमत नाही ती नाहीच. शेवटी 1 ठेवतो तो छाटून उरलेल्या राशीत, कारण तिची किंमत तिथे सलग आहे.

पडताळा घ्या. x = 1.01 ला अंश 0.000301 आणि छेद 0.000201, म्हणजे सुमारे 1.4975. x = 0.99 ला सुमारे 1.5025. दोन्ही बाजू 1.5 कडेच येतात.

छाटणे दरवेळी सुटका करतेच असे नाही. छेद तोच ठेवून अंशात फक्त x² + x − 2 घेतला, तर (x − 1) वर एकदा आणि खाली दोनदा येतो. एक छाटला तरी खाली एक उरतोच. मग 1.01 ला सुमारे 149.75 आणि 0.99 ला सुमारे −150.25 येते. जितके जवळ जावे तितक्या या किमती एकमेकींपासून दूर पळतात. ‘सीमा अस्तित्वात नाही’ हे उत्तर इथे लिहायचे.