क्लाउड आर्किटेक्ट परीक्षा : बारा आठवड्यांचा अभ्यास

तालुक्याच्या गावातून नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : क्लाउडची परीक्षा द्यायची, पण अभ्यास कोठून सुरू करायचा? अशा परीक्षा अनेक कंपन्या घेतात. प्रस्तुत लेखात ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसची ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ ही एकच परीक्षा विचारात घेतली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिची SAA-C03 ही आवृत्ती सुरू झाली. १३० मिनिटांत ६५ प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी १५ प्रश्नांना गुण नसतात, परंतु ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. १०० ते १००० या मापावर ७२० मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. शुल्क १५० डॉलर असून कर वेगळा.

गुणांची विभागणी सुरक्षितता ३० टक्के, बिघाड सोसण्याची क्षमता २६, कार्यक्षमता २४ आणि खर्चाची काटकसर २० अशी आहे. पण या चार भागांच्या चार वह्या करून अभ्यास करू नये, असे माझे मत आहे. एकाच प्रश्नात सुरक्षितताही असते आणि खर्चही असतो. सेवांची नावे पाठ करणारा विद्यार्थी तेथेच अडतो, कारण चारही पर्यायांतली नावे त्याच्या ओळखीची असतात.

रोज दोन तास धरले तर बारा आठवडे पुरतात. एक तास वाचन, एक तास प्रत्यक्ष काम. पहिले दोन आठवडे क्लाउडला हातच लावू नका, आय.पी. पत्ता, पोर्ट, सबनेट आणि लिनक्सच्या मोजक्या आज्ञा एवढेच शिका. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने याला तीन आठवडे द्यावेत. पुढचे चार आठवडे नेटवर्क, सर्व्हर, एस थ्री हे साठवणीचे कोठार आणि अधिकार देणारी आय.ए.एम. ही व्यवस्था यांना द्या. नंतरचे तीन आठवडे डेटाबेस, लोड बॅलन्सर आणि रांगा यांना, आणि उरलेले सराव प्रश्नांना. दुसरा टप्पा पक्का झाला की तिसरा बराच सोपा जातो. म्हणून त्यातलाच एक धडा येथे सविस्तर देतो.

आधी खाते. १५ जुलै २०२५ पासून नव्या खात्याला १०० डॉलरची जमा मिळते आणि काही ठरावीक कामे केल्यास आणखी १०० पर्यंत. मोफत योजना सहा महिने किंवा जमा संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर चालते. खाते उघडताच मूळ वापरकर्त्याला दुहेरी ओळख-तपासणी लावा आणि रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता करा. तिजोरीची मुख्य किल्ली कोणी रोज खिशात घालून हिंडत नाही.

आता धडा. मुंबई विभागात, म्हणजे ap-south-1 मध्ये, 10.0.0.0/16 या पत्त्यांचे एक व्ही.पी.सी. तयार करा. व्ही.पी.सी. म्हणजे आपल्यापुरते कुंपण घातलेले नेटवर्क. त्यात 10.0.1.0/24 आणि 10.0.2.0/24 असे दोन सबनेट पाडा. प्रत्येकात २५६ पत्ते येतात, पण पाच कंपनी राखून ठेवते. आपल्या हाती २५१. पहिल्या सबनेटच्या मार्ग-तक्त्यात 0.0.0.0/0 ची वाट इंटरनेट गेटवेकडे दाखवा. दुसऱ्यासाठी वेगळा मार्ग-तक्ता करा आणि त्यात तशी वाट देऊ नका. पहिला सार्वजनिक आणि दुसरा खाजगी ठरतो तो एवढ्या एका ओळीमुळे. सबनेटच्या नावात ‘पब्लिक’ लिहिल्याने काहीही होत नाही.

दोन्हीकडे ॲमेझॉन लिनक्सचा एकेक छोटा सर्व्हर ठेवा. सार्वजनिक सर्व्हरला सार्वजनिक पत्ता द्या आणि त्यातून खाजगी सर्व्हरवर जा. त्याच विभागात एस थ्रीमध्ये एक बकेट करून तीत एक फाइल टाका आणि खाजगी सर्व्हरवर ही आज्ञा द्या. बकेटचे नाव आपले घाला.

```
aws s3 ls s3://my-bucket --region ap-south-1
```

पहिले उत्तर येईल `Unable to locate credentials`. याचा नेटवर्कशी संबंध नाही. सर्व्हरपाशी अधिकारपत्रच नाही, म्हणून विनंती बाहेर पडलीच नाही. बकेट वाचण्याचा अधिकार असलेली आय.ए.एम. भूमिका सर्व्हरला जोडा. गुप्त किल्ल्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये लिहून ठेवणे हा परीक्षेत जवळजवळ नेहमीच चुकीचा पर्याय असतो.

पुन्हा आज्ञा द्या. आता पडदा बराच वेळ गप्प राहील आणि शेवटी `Connect timeout on endpoint URL` असे येईल. अधिकार आहे, पण वाट नाही. अशा वेळी पुष्कळजण अधिकारच बदलत बसतात. वेळ संपणे हे वाटेच्या दोषाचे लक्षण आहे आणि `AccessDenied` हे अधिकाराच्या दोषाचे, एवढा फरक मनात ठसला तर अनेक प्रश्न सुटतात.

येथेच परीक्षेतला नेहमीचा प्रश्न उभा राहतो : खाजगी सबनेटमधील सर्व्हरला त्याच विभागातील एस थ्रीमधील फाइली वाचायच्या आहेत, वाहतूक इंटरनेट गेटवेतून जाऊ नये, आणि खर्च कमीत कमी हवा. पर्याय असे : सबनेटला इंटरनेट गेटवेची वाट द्यावी, नॅट गेटवे बसवावा, इंटरफेस एंडपॉइंट करावा, गेटवे एंडपॉइंट करावा. पहिल्याने सबनेट खाजगीच राहत नाही. नॅट गेटवेने काम होते, पण तोही बाहेर पडतो तो इंटरनेट गेटवेतूनच, आणि त्याला तासाचे भाडे व प्रत्येक जी.बी.चा आकार लागतो. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया विभागात तासाला 0.045 डॉलर, म्हणजे तीस दिवसांचे ३२ डॉलरहून अधिक, एक फाइलही न हलवता. इंटरफेस एंडपॉइंटची वाहतूक आतच राहते, पण त्यालाही तासाचे भाडे आहे. गेटवे एंडपॉइंट मात्र विनामूल्य आहे. तो फक्त एस थ्री आणि डायनॅमो डी.बी. या दोन सेवांसाठीच मिळतो, आणि कार्यालयातील स्वतःच्या संगणकांना तो वापरता येत नाही. प्रश्नात तशी अट असली तर उत्तर बदलून इंटरफेस एंडपॉइंट होते.

आता गेटवे एंडपॉइंट प्रत्यक्ष करा. करताना मार्ग-तक्ता निवडायला सांगतात. तेथे खाजगी सबनेटचा तक्ता निवडला नाही तर सारे हिरवे दिसूनही तोच `timeout` येतो. तक्ता उघडून पाहा. त्यात pl- ने सुरू होणारी नवी ओळ दिसली तर वाट झाली. आज्ञा पुन्हा द्या, फाइलचे नाव पडद्यावर येईल.

याच मांडणीवर आणखी एक प्रयोग करता येतो. सिक्युरिटी ग्रुप हा ओळख लक्षात ठेवणारा पहारेकरी आहे. आत सोडलेल्याला उत्तर घेऊन जाताना तो अडवत नाही. सबनेटवरची नेटवर्क ए.सी.एल. मात्र काहीच लक्षात ठेवत नाही, जाताना-येताना दोन्ही वेळा परवाना मागते. खाजगी सबनेटच्या ए.सी.एल.मध्ये आत येणारी 1024 ते 65535 ही पोर्टे बंद करून वरचीच आज्ञा द्या. विनंती जाईल, पण उत्तर परत येणार नाही. एकदा हे पाहिले की तो नियम पाठ करावा लागत नाही. काम संपल्यावर सर्व्हर काढून टाका. सार्वजनिक पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला 0.005 डॉलर आकार आहे.

शेवटच्या आठवड्यांत सराव प्रश्न सोडवताना बरोबर उत्तरावर खूण करून पुढे जाऊ नका. उरलेले तीन पर्याय का चुकले, याचे एकेक वाक्य वहीत लिहा. दिवसाला वीस प्रश्न पुरेत. वाक्य सुचले नाही तर तो विषय पुन्हा खात्यात करून पाहा.

परीक्षा मराठीत नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी परीक्षेसाठी तीस मिनिटे जादा मिळतात, मात्र ही सवलत तारीख ठरवण्याआधी आपल्या खात्यातून मागावी लागते. तारीख घेतल्यावर मागितली तर त्या परीक्षेला ती लागू होत नाही. लांबलचक प्रश्न दोनदा वाचायची सवय असलेल्याला या अर्ध्या तासाचा मोठा उपयोग होतो. घरून परीक्षा देण्याची सोय आहे, पण खोलीत दुसरे कोणी नको आणि इंटरनेट अखंड हवे. वीज जाणाऱ्या गावातल्यांनी एस.टी.चे भाडे खर्चून शहरातील केंद्र गाठलेले बरे. अनुत्तीर्ण झाल्यास १४ दिवसांनी पुन्हा बसता येते, पण शुल्क पूर्ण भरावे लागते.