विमानतळावरची खिडकी : काय विचारतील, काय सांगाल?

श्रोतेहो, समजा, दारव्हा तालुक्यातला एक गवंडी शारजाला कामाला निघाला आहे. शिक्षण नववीपर्यंत. दहावी नसली की साधारणपणे पासपोर्टावर 'ईसीआर' असा शेरा असतो. असा माणूस आखाती देशांत नोकरीला जाणार असेल, तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याला सरकारची आगाऊ मंजुरी लागते. ती या गवंड्याने काढली आहे. मुंबईच्या विमानतळावर सामान देऊन तो इमिग्रेशनच्या खिडकीपाशी येतो. साहेब हिंदीत विचारतात. आपण ते मराठीत ऐकू या.

"कुठे निघालात?"
"शारजाला, साहेब."
"कशासाठी?"
"नोकरीसाठी. गवंडीकाम."
"मालक कोण? पगार किती?"
"हा करारनामा. कंपनीचं नाव आणि पगार यात आहे."
"कुणामार्फत जाता?"
"नोंदणी असलेल्या एजंटामार्फत. ही पैशांची पावती, आणि ही मंजुरी."

शिक्का बसतो. पाहा, एका प्रश्नाला एकच उत्तर, आणि कागद हाताशी. प्रश्न कळला नाही तर "साहेब, पुन्हा सांगा" म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

आता दुसरा गवंडी पाहा. एजंटाने त्याला फिरायला जाण्याचा व्हिसा दिला आणि बजावले, "सहलीला चाललो म्हण, तिथे गेल्यावर काम लावून देतो."

"किती दिवस फिरणार?"
"पंधरा... नाही, महिनाभर."
"उतरणार कुठे?"
"एजंटाचा माणूस न्यायला येणार आहे."
"पिशवीत थापी नि ओळंबा कशाला?"

इथे गडी गप्प. फिरायला जायला ईसीआरवाल्यालाही बंदी नाही, पण त्याचे बोलणे कागदाशी जुळत नाही. त्याला परत फिरवतात आणि तिकिटाचे पैसे बुडतात. आणि समजा सुटला, तर पुढचे संकट मोठे. फिरण्याच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. मालकाने पगार बुडवला तरी हातात करार नाही. मंजुरीबरोबर काढावा लागणारा विमाही नाही.

तेव्हा घोळ खिडकीवर नव्हे, गावातच ओळखावा. व्हिसाचा कागद इंग्रजीत असतो. तो गावच्या गुरुजींना दाखवा. गुरुजी, आपण त्यात 'एम्प्लॉयमेंट' शब्द आहे का, ते पाहा. 'टुरिस्ट' किंवा 'व्हिजिट' असेल, तर तो नोकरीचा व्हिसा नव्हे. एजंटाची नोंदणी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर तपासता येते. त्याला घेता येणारा मोबदला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा कर, तोही पावती देऊन. "पावती मागू नकोस, फिरायला चाललो म्हण," असे एजंट सांगू लागला, की पैसे देण्याआधीच उठून यावे, बरं का!