पाइप नवा, धार तीच?

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत भिंतीआड जीआय पाइप असतात, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. जस्त झिजलं की आतून गंजाचे फोड धरतात आणि पाइपाचं पोट आवळत जातं. पोट निम्मं झालं, तर पाणी निम्मं नव्हे, साधारण सहाव्या हिश्शावर येतं. खडबडीत गंजाने त्याहूनही कमी. खूण सोपी आहे: नळ उघडताच क्षणभर जोरात धार येते आणि लगेच मंदावते. दाब असतो, वाट नसते. मात्र भिंत फोडण्याआधी नळाची जाळी आणि अँगल कॉक उघडून पाहावेत. कधी कधी सगळा कचरा तिथेच अडकलेला असतो.

आता वरच्या मजल्यावरचं घर घ्या. टाकीतलं पाणी शॉवरच्या तीन मीटर वर आहे. एवढ्या उंचीचा दाब जेमतेम ०.३ बार, त्यामुळे इथे पाइपाच्या पोटातला मिलीमीटरसुद्धा महत्त्वाचा. गफलत इथेच होते. अर्धा इंची जीआयचं पोट सुमारे १६ मिलीमीटर असतं, तर अर्धा इंची सीपीव्हीसीचं जेमतेम साडेबारा. ‘जुन्याला जुना’ माप लावलं, तर नवाकोरा पाइपही मूळच्या जीआयपेक्षा बरंच कमी पाणी देईल. म्हणून मुख्य लाइन पाऊण इंची घ्यावी (पोट सुमारे १८) आणि अर्धा इंची फक्त नळापाशी, शेवटच्या हातभर अंतरात.

पेक्सची तर आणखी पंचाईत. लवचीक गुंडाळीतून येत असल्याने भिंतीत सांधे फार कमी लागतात, हे त्याचं खरं बळ. पण बरेचसे जोड पाइपाच्या आत बसतात, म्हणजे आधीच लहान असलेलं पोट तिथे आणखी आवळतं. पंपाच्या दाबावर ते खपतं, गच्चीच्या टाकीवर नाही. शिवाय त्याला ऊन सोसत नाही, आणि ते जोडणारा माणूस गावात असायला हवा.

तांब्याची भिंत पातळ असते. बाहेरून १५ मिलीमीटरच्या पाइपात साडेतेरा मिळतात, गरम पाण्याचीही चिंता नाही. पण पैसे बरेच लागतात, आणि उरलेल्या जीआयला थेट जोडलं तर सांध्यापाशी लोखंड झपाट्याने गंजतं. मध्ये निदान पितळी जोड हवा.

बहुतेक घरांसाठी माझं मत पाऊण इंची सीपीव्हीसीला. अट एवढीच, की चिकटवायला सीपीव्हीसीचंच सोल्युशन वापरावं, साध्या पीव्हीसीचं नव्हे. गिझरच्या तोंडाशी पितळी आट्यांचा जोड असावा. आणि फरशी बसवण्याआधी सगळी टोकं बंद करून हातपंपाने दाब चढवून बघावा. काटा उतरू लागला तर सांधा शोधायचा, सिमेंट थांबवायचं.

हे सगळं करूनही धार वाढली नाही, तर गच्चीवरून खाली येणारा सोसायटीचा सामाईक डाउनटेक तपासा. तोही बहुधा त्याच वयाचा जीआय असतो.