गच्चीचं कोटिंग किती आणायचं? कठड्याचा एक फूट धरूनच

मे महिना आला की गटाच्या बैठकीत घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज येतात आणि त्यांत गळक्या स्लॅबचे बरेच असतात. अर्जात बहुतेक एकच ओळ असते, "कोटिंगची एक बादली आणि मजुरी". बादली एकच का, हे विचारलं की उत्तर येतं, मिस्त्री म्हणाले. म्हणून आज गच्चीला कोटिंग किती लागतं, हा हिशेब आपण टेप घेऊन स्वतः करू.

पाणी गच्चीच्या मधोमध कमी शिरतं. जिथे स्लॅब संपतो आणि कठड्याची भिंत सुरू होते, त्या कोपऱ्यात जास्त शिरतं. स्लॅब आणि भिंत वेगवेगळ्या वेळी बांधलेले असतात. उन्हात दोन्ही तापतात, रात्री आकसतात, पण सारखे हलत नाहीत. त्यामुळे जोडावर केसासारखी भेग पडते. पाऊस पडला की गच्चीवरचं पाणी तिथंच येऊन टेकतं. खाली खोलीत भिंतीच्या वरच्या कडेला ओल दिसते ती बहुधा याच भेगेची. म्हणून कोटिंग जमिनीवर थांबवायचं नाही, कठड्यावर आतल्या बाजूने सलग वर चढवायचं. किती वर? आम्ही १ फूट धरतो. पुढे गच्चीवर कोबा किंवा फरशी करायची असेल, तर त्याची जाडी सोडून वर १ फूट मोजायचं, नाहीतर ४ इंचांचा कोबा पडला की चढवलेलं कोटिंग ८ इंचच उरतं.

आता एक गच्ची मोजू. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घराची आहे. माप कठड्याच्या आतून घ्यायचं, बाहेरून नाही. लांबी २४ फूट, रुंदी १६ फूट. एका कोपऱ्यात जिन्याची खोली, ८ फूट बाय ६ फूट.

आधी जमीन. २४ गुणिले १६ म्हणजे ३८४ चौरस फूट. त्यातून जिन्याच्या खोलीचे ४८ वजा केले, राहिले ३३६.

आता कडा. चारही बाजूंची बेरीज २४, १६, २४, १६, म्हणजे ८० फूट. इथे बऱ्याच जणी विचारतात, जिन्याची खोली आहे तर कडेतूनही वजा करायचं ना? नाही. त्या कोपऱ्यात कठड्याचे ८ आणि ६ फूट गेले खरे, पण जिन्याच्या खोलीच्या दोन भिंती तेवढ्याच लांबीच्या गच्चीकडे आल्या. त्यांच्या पायथ्यालाही तसाच जोड आहे आणि तिथेही कोटिंग १ फूट चढवायचं आहे. म्हणून कडा ८० फूटच. जिन्याच्या दाराची रुंदीही वजा करू नका, उंबऱ्यावर कोटिंग चढतंच.

८० फूट लांबी आणि १ फूट उंची, म्हणजे ८० चौरस फूट. जमिनीचे ३३६ मिळवले की ४१६.

पुढचा आकडा डब्यावर असतो आणि तिथेच खरी फसगत होते. १ लिटरला किती चौरस फूट, हे डब्यावर लिहिलेलं असतं, पण तो आकडा एका हाताचा की दोन हातांचा, ते बारीक अक्षरात असतं. समजा लिहिलंय, एका हाताला ४० चौरस फूट. आपल्याला दोन हात द्यायचे आहेत, तेव्हा हिशेबाला २० धरायचे. दुकानदाराला आकडा न विचारता डबा फिरवून स्वतः वाचा, कारण प्रत्येक मालाचा वेगळा असतो.

४१६ भागिले २० म्हणजे २०.८ लिटर. हा आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा. आपल्या गच्च्या खरबरीत असतात, ब्रशला आणि बादलीला माल चिकटतो, म्हणून दहावा हिस्सा वर धरा. झाले साधारण २३ लिटर. जोडावर फायबरच्या जाळीची ८ इंची पट्टी बसवणार असाल, तर तिच्याखाली एक जादा हात लागतो, त्याचे सव्वा लिटर आणखी. सगळं मिळून सव्वाचोवीस. म्हणजे २० लिटरची बादली, ४ लिटरचा एक डबा आणि १ लिटरचा एक डबा.

मिस्त्रींनी फक्त ३३६ चौरस फूट धरले होते. २० ने भागले तर १६.८ लिटर येतात, म्हणून एक बादली पुरेल असं वाटणं साहजिक. पण मग होतं काय? जमीन आधी रंगवली जाते, कठडा शेवटी राहतो, आणि तोवर बादलीचा तळ दिसतो. मग पाणी घालून माल वाढवतात. ओला असताना तो पांढराशुभ्र, छान दिसतो. पण पाणी उडून जातं आणि मागे राहतो तो थर पातळ राहतो. १ लिटर माल २० चौरस फुटांवर पसरला की ओला थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, वाळल्यावर त्याहून कमी. त्यात पाणी घातलं, तर नेमका जोडावर, जिथे भेग हलते तिथे, तो टिकत नाही. (अस्तराचा पहिला पातळ हात डब्यावर सांगितलेला असेल तर तो वेगळा. त्याचा माल वरच्या हिशेबात धरलेला नाही, तो वेगळा मोजा.)

म्हणून आम्ही सुरुवातच कठड्यापासून करायला सांगतो. आधी जोडात सिमेंट-वाळूचा वाटा मारून घ्यायचा, म्हणजे काटकोनाऐवजी गोलसर उतार होतो. धारदार कोपऱ्यात ब्रशचा थर पातळ बसतो, वाट्यावर सारखा बसतो. कठड्यावर जुना चुना किंवा सुटलेला गिलावा असेल तर तो आधी खरवडून काढा, कारण कोटिंग चुन्याला चिकटतं आणि चुना भिंत सोडतो. वाटा वाळला की कडेचा पहिला हात द्यायचा, मग जमिनीचा. पाणी जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात २-३ इंच आतपर्यंत ब्रश फिरवायचा.

मजुरांवर लक्ष कसं ठेवायचं? गच्चीवर खडूने १० फूट बाय १० फूट चौकोन आखा. १०० चौरस फुटांना एका हाताला अडीच लिटर लागायला हवेत. तेवढा माल मोजून छोट्या बादलीत द्या. चौकोन संपला आणि माल उरला, तर थर पातळ बसतोय. माल आधीच संपला, तर पृष्ठभाग फार खरबरीत आहे. मग उरलेल्या गच्चीसाठी जादा माल तेव्हाच मागवा, तळ दिसायची वाट पाहू नका.

काम पूर्ण वाळल्यावर, म्हणजे डब्यावर सांगितलेले दिवस गेल्यावर, पाइपांची तोंडं बंद करून इंचभर पाणी २४ तास साठवा. खाली छताच्या कडा हाताने चाचपून बघा. कठड्याच्या माथ्यावर भेगा असतील, तर पाणी कोटिंगच्या मागून उतरतं आणि कितीही लिटर लावले तरी थांबत नाही, त्यामुळे माथ्याचं माप वेगळं घ्या. आणि स्लॅबखाली गंजलेल्या सळ्या उघड्या दिसत असतील, तर तिथे कोटिंगवर कर्ज काढू नका, आधी इंजिनीअरला दाखवा.

पुढच्या बैठकीला अर्ज आणताना सोबत कागदावर तीन आकडे लिहून आणा: जमिनीचे चौरस फूट, कडेची लांबी, आणि डब्यावरचा आकडा किती हातांचा आहे ते.