हब, स्विच आणि राऊटर : टक्कर नेमकी कुठे होते?

एका कार्यालयातील आठ संगणक हबला जोडलेले आहेत, असे समजा. सकाळी एकदोघेच कामाला असताना फायली झटपट उघडतात. दुपारी आठही जण बसले की त्याच फायली रेंगाळतात. संगणक तेच, केबलही त्याच. अडचण मधल्या हबची असते.

हबला पत्ता वाचता येत नाही. एका पोर्टातून आलेला संकेत तो उरलेल्या सातही पोर्टांवर जसाच्या तसा पाठवतो. साहजिकच एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदमच माहिती पाठवली, तर संकेत एकमेकांत मिसळून निरुपयोगी होतात. ही झाली टक्कर, म्हणजेच 'कोलिजन'. ज्या यंत्रांमध्ये अशी टक्कर होऊ शकते, त्यांच्या समूहाला 'कोलिजन डोमेन' म्हणतात. येथे आठही संगणक एकाच डोमेनमध्ये आहेत.

टक्कर झाल्यावर काय करायचे, याचा नियम इथरनेटमध्ये आहे. दोघेही थांबतात आणि प्रत्येक जण शून्य किंवा एक यांपैकी एक आकडा यदृच्छेने निवडून तितके कालखंड वाट पाहतो. १० मेगाबिट वेगाच्या जाळ्यात हा कालखंड ५१.२ मायक्रोसेकंदांचा असतो. दोघांचा आकडा एकच निघण्याची शक्यता निम्मी असते. तसे झाले तर पुन्हा टक्कर होते आणि पुढच्या खेपेस निवड चार आकड्यांतून होते. सोळा प्रयत्न फसले, की संगणक ती माहिती पाठवण्याचा नाद सोडतो. बोलणारे वाढले की वेळ कामापेक्षा वाट पाहण्यातच जातो.

स्विच मात्र प्रत्येक संगणकाचा मॅक पत्ता कोणत्या पोर्टावर आहे, हे लक्षात ठेवतो आणि माहिती त्याच पोर्टावर पाठवतो. पहिला संगणक तिसऱ्याशी बोलत असताना दुसरा चौथ्याशी खुशाल बोलू शकतो. आठ पोर्ट म्हणजे आठ स्वतंत्र कोलिजन डोमेन. शिवाय फुल डुप्लेक्समध्ये पाठवणे आणि घेणे एकाच वेळी चालत असल्याने टक्करच उरत नाही.

तरीही एक चूक घडते. केबलच्या एका टोकाला फुल डुप्लेक्स हाताने ठरवून दिले आणि दुसरे टोक 'ऑटो'वर राहिले, तर दुसरे टोक हाफ डुप्लेक्स धरते. जोडणी चालू दिसते, पण मोठी फाइल कमालीची मंदावते. हाफ डुप्लेक्सच्या बाजूला 'लेट कोलिजन'चा आकडा वाढत असेल, तर निदान पक्के. दोन्ही टोके 'ऑटो'वर ठेवणे, हा उपाय.

स्विचलाही मर्यादा आहे. सर्वांना उद्देशून केलेली हाक, म्हणजे 'ब्रॉडकास्ट', तो सगळ्या पोर्टांवर पोहोचवतो. ती अडवतो राऊटर. आयपी पत्ता पाहून तो एका जाळ्यातील माहिती दुसऱ्या जाळ्यात नेतो. ब्रॉडकास्ट मात्र पलीकडे जाऊ देत नाही. थोडक्यात, हब काहीच विभागत नाही, स्विच टक्कर विभागतो आणि राऊटर जाळेच विभागतो.